मोज्याच्या रबराखालचे ठिपके

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही मुलांच्या कॅज्युअल्टीत ताप म्हटलं की घरच्यांच्या आणि आमच्याही तोंडी पहिला शब्द येतो तो डेंगी. संध्याकाळी पावणेसातला वडगाव बुद्रुकहून चार वर्षांच्या एका मुलीला घेऊन आले. पहाटे पाचपासून ताप, दोन उलट्या. दुपारी घराजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं होतं आणि रिपोर्ट वडिलांच्या मोबाईलवर होता: प्लेटलेट 1 लाख 68 हजार, डेंगीची एनएस-वन तपासणी निगेटिव्ह.

"पेशी चांगल्या आहेत डॉक्टर, फक्त ताप उतरत नाहीये. आणि मघापासून पाय दुखतात म्हणून रडतेय," वडील म्हणाले. आजी म्हणाल्या, "पायाला डास चावलेत तिच्या, बघा ना."

मोजा खाली केला. घोट्याच्या वर, रबराचा वळ उमटला होता तिथे, टाचणीच्या टोकाएवढे पाच ठिपके होते. चार लालसर, एक जांभळट. डास चावला की गांधी उठते, बोटाला उंचवटा लागतो, खाज येते. हे ठिपके त्वचेत सपाट होते, बोटाला काहीच लागत नव्हतं.

आमच्या टेबलाच्या खणात काचेचा एक छोटा जाड ग्लास ठेवलेला असतो. त्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबली आणि काचेतून बघितलं. आजूबाजूची त्वचा फिकी पडली, ठिपके तसेच राहिले. गोवर किंवा ॲलर्जीच्या पुरळात रक्त वाहिन्यांच्या आतच असतं, वाहिन्या फक्त फुगलेल्या असतात. दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि लाली जाते. इथे रक्त बारीक वाहिनीतून बाहेर पडून त्वचेत सांडलेलं असतं. ते दाबून कुठे जाणार? घरी ही तपासणी करायची तर ग्लास पारदर्शक हवा. स्टीलचा पेला चालत नाही, आणि बोटाने दाबून बोट उचलेपर्यंत लाली परत भरून येते, म्हणून फसायला होतं. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळू बघावा, कपडे पूर्ण काढून, चांगल्या उजेडात.

आता प्रश्न होता तो त्या रिपोर्टचा. पेशी चांगल्या म्हणून घरचे निर्धास्त होते, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. डेंगीत असे ठिपके साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, बहुतेक वेळा ताप उतरता उतरता दिसतात, आणि तोवर प्लेटलेट खाली आलेल्या असतात. इथे ताप येऊन चौदा तासही झाले नव्हते. प्लेटलेट पुरेशा असून रक्त बाहेर झिरपत असेल, तर बिघाड वाहिन्यांच्या भिंतीत आहे. तापाच्या पहिल्याच दिवशी असं झालं की मेंदूज्वर करणारा मेनिंगोकॉकस हा जंतू रक्तात पसरलाय असं धरून चालावं लागतं. दुपारच्या रिपोर्टने फक्त दुपारचं सांगितलं होतं. रात्री नऊला तिच्या प्लेटलेट 62 हजारांवर आल्या.

बाकीच्या खुणा ठिपक्यांच्या आधीपासून होत्या. ताप 103, पण तळहात-तळपाय गार. पाय दुखणं, ओठांभोवती फिकटपणा. छातीच्या हाडावर पाच सेकंद बोट दाबून सोडलं, तर रंग परत यायला पाच सेकंद लागले. तो दोन सेकंदांत यायला हवा, तीनच्या पुढे म्हणजे रक्ताभिसरण कमी पडतंय. नाडी 168. ब्लड प्रेशर मात्र 92, म्हणजे वयाला ठीकच. मुलांचं ब्लड प्रेशर फार उशिरा पडतं, तोवर शरीर हातापायांचं रक्त तोडून ते सावरून धरतं. त्या आकड्यावर विसंबून थांबलं की हातची वेळ जाते. मान ताठ नव्हती, मुलगी आईला ओळखत होती. मेंदूज्वराची लक्षणं नसली म्हणजे हा आजार नाही, असंही होत नाही. रक्तातला संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचण्याआधीच जीव घेऊ शकतो.

सिस्टरनी पेनने ठिपक्यांभोवती गोल काढला आणि शेजारी वेळ लिहिली, 6:52. सलाईनची सुई लागेपर्यंत गोलाच्या बाहेर नवे ठिपके होते, मांडीवर दोन, पोटावर एक. त्याच सुईतून जंतू वाढवून बघण्यासाठी कल्चरचं रक्त घेतलं आणि लगेच सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक दिलं, किलोला 100 मिलिग्रॅम. वजन 15 किलो, म्हणजे दीड ग्रॅम. आल्यापासून औषध आत जाईपर्यंत 19 मिनिटं गेली. पाठीतलं पाणी काढलं नाही. शॉकमध्ये असलेल्या, ठिपके पसरत असलेल्या मुलाला त्यासाठी वाकवून धरणं धोक्याचं असतं, आणि तपासणीसाठी औषध थांबवणं त्याहून वाईट. साखर बघितली, ती 58 होती, ती दुरुस्त केली. सलाईन 150 मिलिलिटरच्या हप्त्यांनी तीनदा दिलं. प्रत्येक हप्त्यानंतर पाणी जास्त होऊन यकृत खाली सरकतंय का, छातीत बुडबुड ऐकू येते का हे बघून मगच पुढचा. तिसऱ्यानंतरही हात गारच होते, म्हणून रक्ताभिसरण सावरायला ॲड्रेनलिन सुरू करून आयसीयूत हलवलं. तोवर पोटरीवर रुपयाएवढे दोन जांभळे डाग आले होते.

आईने विचारलं, "तिच्या सगळ्या लसी झाल्यात, मग हे कसं?" कार्ड खरंच पूर्ण होतं. पण सरकारी नियमित लसीकरणात मेनिंगोकॉकसची लस नाही. ती ठरावीक धोका असलेल्या मुलांना वेगळी द्यावी लागते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ताप आणि असे ठिपके असलेली बहुतेक मुलं शेवटी साध्या विषाणूची निघतात. जोराच्या खोकल्याने किंवा उलटीने चेहऱ्यावर, मानेवर, फार तर छातीच्या वरच्या भागापर्यंत ठिपके येतात आणि मूल हसत-खेळत असतं. तरी तेही त्याच दिवशी दाखवावं, काही तास नजरेखाली ठेवावं. ठिपके छातीखाली असतील, वाढत असतील, किंवा मूल मलूल असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. उलट बाजूही लक्षात ठेवावी. या आजाराचं पुरळ सुरुवातीला दाबल्यावर फिकं होऊ शकतं. एकदा ग्लास लावून बघितलं म्हणून झालं नाही. मुलाला बरं वाटत नसेल तर तासाभराने पुन्हा बघायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्चरमध्ये जोडीजोडीने दिसणारे ते जंतू मिळाले. महापालिकेला कळवलं. संसर्ग पुढे पसरू नये म्हणून घरातल्या मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिलिग्रॅमची एकेक गोळी, सात वर्षांच्या भावाला रिफॅम्पिसिन दोन दिवस. लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर रात्री घाबरून फोन येतो. बालवाडीत दिवसभर एकत्र बसणाऱ्या मुलांनाही औषध दिलं.

अकराव्या दिवशी ती घरी गेली. पोटरीवरचे डाग खपल्या धरून सुकत होते, डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी होती. ती कापायची घाई केली नाही, मेलेली त्वचा आपोआप वेगळी होईपर्यंत थांबलो, आणि एका बोटाचं फक्त नख गेलं. महिन्याच्या आत कानांची तपासणी ठरवली होती. या जंतूने ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि लहान मूल ते सांगत नाही. आजी तिला घेऊन आल्या. दोन्ही कान चांगले निघाले.