हात उचल की गं! रांगोळीच्या व्हिडिओची संहिता तीनदा परत आली त्याची गोष्ट

आमच्या भागातल्या एका महिला मंडळाने दिवाळीआधी ऑनलाइन रांगोळी वर्ग ठरवला होता. त्यासाठी माझ्याकडे एक व्हिडिओ मागितला. अटी दोनच होत्या. कॅमेरा डोक्यावरून सरळ खाली बघणारा हवा आणि चौकटीत फक्त हात दिसायला हवेत, चेहरा नको. सोबत लिहिलेली संहिता द्यायची. मी पंचवीस वर्षं दारात रांगोळी काढते आहे, मला वाटलं एका दुपारचं काम. लागले एकोणीस दिवस, आणि त्यातले बहुतेक एका शेऱ्यापायी गेले: 'हाताची हालचाल दिसते, कृती दिसत नाही.' तीनही वेळा हेच वाक्य, अक्षर न बदलता. दर वेळी उत्तराला पाच-सहा दिवस. कुठली कृती, कितव्या मिनिटाला, काही नाही. फोन केला तर म्हणे, "ताई, समितीने लिहिलंय तसं करा." समितीने काय लिहिलंय तेच तर कळत नव्हतं.

रांगोळी मुद्दाम सोपी निवडली होती, सात ते चार ठिपक्यांची. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ओळ शेजारच्या मोठ्या ओळीतल्या ठिपक्यांच्या मधोमध. एकूण सदतीस ठिपके. मधल्या ठिपक्यापासून सहा बाजूंना सहा पाकळ्या, पाकळ्यांच्या मध्ये सहा पणत्या. दोन ठिपक्यांत ४ सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे सगळी रांगोळी २४ सेंटिमीटर रुंद आणि २१ च्या आसपास उंच होते. एका फळीवर गेरू लावून त्यावर काढली. दोन फळ्या गेरू लावून वाळवून ठेवा, हे आधीच सांगते. गेरूवरची चुकलेली रेघ पुसली की पांढुरका डाग राहतो आणि तो कॅमेऱ्यात चांगला ठसठशीत दिसतो.

फोन टांगण्याचा खटाटोप एका सकाळीच उरकला. जेवणाच्या दोन खुर्च्या पाठीकडे पाठ करून थोड्या अंतरावर ठेवल्या, त्यांच्या पाठींवर एक लांब फळी आडवी टाकली, तिच्या कडेबाहेर फोनचा कॅमेरा येईल असा फोन चिकटपट्टीने बांधला, आणि फळी हलू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तांदळाची पिशवी. उंची साधारण ८० सेंटिमीटर झाली. आधी मी स्टुलावरून ४० सेंटिमीटरवर लावला होता, ते चुकलं. एक तर दर वाकण्याला माझा भांग चौकटीत यायचा. दुसरं म्हणजे कॅमेरा जवळ असला की जमिनीपासून वर उचललेला हात रांगोळीच्या मानाने फारच मोठा दिसतो, बोटं कुणा पहिलवानाची वाटतात. ८० वर नेऊन दुप्पट जवळ आणलं की हात हाताएवढा दिसतो. चित्रण 4K मध्ये केलं तर एवढं कापूनही 1080 चा व्हिडिओ नीट निघतो, कारण 4K ची रुंदी बरोबर दुप्पट असते.

कॅमेरा अगदी सरळ खाली बघतोय का, हे मी ओळंब्याने पाहिलं. दोऱ्याला एक नट बांधला, भिंगाच्या कडेला धरून खाली सोडला. नट मधल्या ठिपक्यावर आला आणि तो ठिपका पडद्याच्या मधोमध दिसला की झालं. आणखी एक खूण आहे. पडद्यावर वरच्या चार ठिपक्यांची ओळ आणि खालची चारची ओळ पट्टीने मोजा. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत. वरची लहान भरली तर फोन कललेला आहे आणि तुमची षट्कोनी रांगोळी सुपासारखी दिसणार. बघणारे त्यावरून ठिपके मारतात, तेव्हा हे चालून जात नाही.

अजून एक, विसरण्याआधी: फोन आडवा करून, पडदा तोंडासमोर धरूनच रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग फळीवर सपाट ठेवा. सपाट ठेवलेल्या फोनला आपण आडवे आहोत की उभे हे कळत नाही. माझा पहिला पूर्ण व्हिडिओ असा उभा निघाला. चौकटीची खालची बाजू आपल्याकडे यायला हवी, म्हणजे हात खालून आत येतो आणि बघणारीला तो स्वतःचाच हात वाटतो.

आता तो शेरा.

पहिल्यांदा मला वाटलं उजेड कमी असेल. खिडकी डावीकडे येईल अशी बसले, कारण मी उजव्या हाताने काढते आणि सावली मग रेघेवर न पडता उजवीकडे जाते. ट्यूबलाइट बंद केली, तिच्यामुळे चित्रावरून पट्टे सरकत होते. शिवाय हात आत आला की गेरू उजळायचा, बाहेर गेला की काळवंडायचा. पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद केले तेव्हा ते थांबलं. पंखाही बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीत, घाम पुसत दुसरा व्हिडिओ केला. शेरा तोच.

दुसऱ्यांदा वाटलं भरभर होतंय. मग इतकं सावकाश काढलं की चिमटीतून धार तुटायला लागली. रांगोळीची धार हाताच्या वेगावर असते, फार हळू गेलं की रेघ गाठीगाठीची होते. भरड रांगोळी घेतली म्हणून थोडं सावरलं. शेरा तोच. त्या दिवशी मी व्हिडिओ पुसून टाकणार होते, खरं सांगते.

सोडवलं ते सासूबाईंनी. त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही हे बघून काढून दाखवा, बघू कुठे अडतं." त्यांनी समोर पाट घेतला, ठिपके मारले, आणि पहिल्याच पाकळीला थांबल्या. "अगं, हात उचल की गं! तुझं मनगट बघून मी काय काढू? रेघ कुठनं निघाली?"

मग मी व्हिडिओ त्यांच्या नजरेने पाहिला. वरून कॅमेरा म्हणजे पंजाची पाठ दिसते. रांगोळी पडते अंगठा आणि तर्जनीच्या खाली, म्हणजे जी जागा शिकायची तीच झाकलेली. आणि मी सगळ्या पाकळ्या मधल्या ठिपक्यापासून बाहेर ढकलत काढत होते. हात माझ्याकडून, उजव्या खालच्या कोपऱ्यातून येतो. वर डावीकडे रेघ ढकलली की नुकतीच पडलेली रेघ तळव्याखाली जाते. मी हात काढते तेव्हा पाकळी तयार. बघणारीला दिसतं काय, तर पंजा आला, पंजा गेला, पाकळी उगवली. दारात काढताना हा प्रश्न येत नाही, कारण आपण रांगोळीभोवती फिरतो आणि शिकणारी बाजूला वाकून बघते.

म्हणून दिशा उलटी केली. वरच्या डावीकडच्या पाकळीची रेघ टोकापासून सुरू करून मध्याकडे, म्हणजे आपल्या मनगटाकडे ओढायची. बोटं मागे सरकतात आणि रेघ त्यांच्या पुढे उघडी पडत जाते. खालच्या उजवीकडच्या पाकळीला नेमकं उलट, ती मध्यापासून टोकाकडे. नियम एकच: रेघ आपल्या मनगटाकडे यावी. क्रमही ठरला. वरची डावी पाकळी आधी, खालची उजवी शेवटी, म्हणजे मनगट काढलेल्यावरून फिरत नाही. डावखुऱ्या बायकांनी सगळं आरशातल्यासारखं उलटं धरावं आणि खिडकी उजवीकडे घ्यावी.

संहिताही मुळापासून बदलली. आधीची माझी वाक्यं अशी होती: 'इथून असं वळवून इथे आणा.' लिहिताना ती शहाणी वाटली होती. आता प्रत्येक ठिपक्याला पत्ता दिला, ओळी वरून मोजायच्या आणि ठिपके डावीकडून. हात काय करतो आणि आवाज काय सांगतो हे वेगळं लिहिलं, आणि सांगणं आधी, हात नंतर. एका पाकळीपुरतं असं झालं:

हात नाही, ४ सेकंद. आवाज: "चौथ्या ओळीतला चौथा ठिपका, हा आपला मध्य."
काडी आत, ५ सेकंद. आवाज: "दुसऱ्या ओळीतला दुसरा, हे पाकळीचं टोक. तिसऱ्या ओळीतला तिसरा पाकळीच्या पोटात राहणार."
काडी बाहेर, हात आत, ६ सेकंद. आवाज नाही. टोकापासून मध्यापर्यंत डावी वळणदार रेघ.
हात पूर्ण बाहेर, ३ सेकंद. आवाज: "पोटातला ठिपका रेघेला लागला नाही ना, बघा."
हात आत, ६ सेकंद. उजवी रेघ, तशीच टोकापासून.
हात पूर्ण बाहेर, ३ सेकंद.

दाखवायला बोट नको, काडी घ्या. बोट तीन ठिपके झाकतं. आणि 'हात बाहेर' म्हणजे चौकटीच्या बाहेर, कोपऱ्यात लोंबकळता नव्हे. मला ते तीन सेकंद भयंकर लांब वाटायचे, हात आपोआप परत आत जायचा. शेवटी मनात 'एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती' मोजायला लागले.

सहाही पाकळ्या अशा दाखवल्या तर बघणारी झोपते. दोनच पूर्ण दाखवल्या, वरची डावी आणि खालची उजवी, म्हणजे ओढण्याच्या दोन्ही तऱ्हा आल्या. बाकी चार वेग वाढवून. पणतीला मात्र परत थांबले. पाचच्या ओळीतला मधला, म्हणजे दुसऱ्या ओळीतला तिसरा ठिपका हे पणतीचं बूड आणि त्याच्या वरचे दोन, पहिल्या ओळीतले दुसरा आणि तिसरा, हे तिचे काठ. अशा सहा झाल्या की सहा कोपऱ्यांतले ठिपके मोकळे उरतात. पाकळीच्या टोकापासून तिथपर्यंत एकेक कळी काढायची. एकही ठिपका वाया जात नाही.

आवाज मागाहून भरला. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचली तेव्हा कळलं की काडीच्या पाच सेकंदांत माझं वाक्य मावत नाही, सात लागतात. तेवढं आधी वाचून घ्या, चित्रण त्यानंतर.

चौथ्यांदा पाठवण्याआधी सासूबाईंना पुन्हा पाट दिला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, एक शब्द बोलले नाही. त्यांनी व्हिडिओ दोनदा थांबवला, रांगोळी पूर्ण केली, आणि आतून ओरडल्या, "झाली गं, पण कळ्या तुझ्यापेक्षा माझ्या चांगल्या आल्यात." आल्या होत्या खऱ्या.

मंडळाचं उत्तर या खेपेला दुसऱ्याच दिवशी आलं. कृतीबद्दल अवाक्षर नाही. शेरा होता: 'बांगड्यांचा आवाज कमी करता येईल का?' आवाज मी मागाहून भरला होता, मूळ आवाज काढायचा तेवढा राहिला होता. काढला, पाठवला, आणि फोन दोन दिवस कपाटात ठेवला.