टॉकटाइम गुपचूप कापला जातो तेव्हा: आधी यादी, मग STOP

मावशीच्या साध्या कीपॅड फोनमधला टॉकटाइम सारखा संपत होता. फोन तिच्या नावावर, तक्रार मात्र मी हाताळली. पुरावा हातात येण्याआधीच बहुतेक जण नकळत सुरू झालेली, पैसे कापणारी सेवा बंद करून टाकतात आणि मग पैसे परत मागायला तोंड उरत नाही, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहितो आहे. कंपनीचं नाव घेत नाही. पद्धत सगळीकडे जवळजवळ हीच आहे.

सर्वात आधी, खरोखर काही कापलं जातंय का ते ठरवायचं. १०० रुपयांचं टॉपअप मारलं की खात्यात ८१.७५ रुपये दिसतात आणि घरोघरी पहिली ओरड इथेच होते. ही चोरी नाही. १०० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो वजा जाता सुमारे ८४.७५ उरतात आणि त्यातून ३ रुपये प्रोसेसिंग फी जाते. १० रुपयांच्या टॉपअपला ७.४७ मिळतात, तिथे फी १ रुपया असते, बाकी हिशेब हाच. त्यामुळे मोजणी १०० पासून न करता ८१.७५ पासून करायची.

मावशीच्या फोनवर टॉपअप संध्याकाळी केलं होतं. सकाळी शिल्लक ५१.७५, म्हणजे नेमके ३० रुपये गेलेले. आठवड्याभराने पाहिलं तर ४६.७५. तिचा अनलिमिटेड पॅक चालू होता, त्यामुळे भारतातल्या साध्या कॉलला पैसे लागायचा प्रश्नच नव्हता. रक्कम अशी गोल असेल आणि दोन कपातींमधलं अंतर एक दिवस, आठवडा किंवा महिना असं ठराविक असेल तर ती बहुतेक व्हॅल्यू अ‍ॅडेड सेवाच असते, म्हणजे कॉलर ट्यून किंवा राशिभविष्यासारखी वेगळे पैसे घेणारी जोडसेवा. आडनिडी रक्कम, तीही मध्येच कधीतरी गेलेली, याची कारणं वेगळी असतात. नव्या फोनवर यूपीआय अ‍ॅप सुरू करताना नंबर तपासण्यासाठी एक एसएमएस जातो आणि पॅकमध्ये एसएमएस नसतील तर त्याचे पैसे पडतात. आयफोनवर आयमेसेज किंवा फेसटाइम सुरू करताना परदेशी नंबरवर एसएमएस जातो, तो आणखी महाग. अशा वेळी खालचं सगळं करून हाती काहीच लागत नाही.

टॉपअप केल्या रात्रीच ३० रुपये का गेले, हेही समजून घ्यायला हवं. सेवेच्या नूतनीकरणाच्या दिवशी शिल्लक नसेल तर सेवा संपेलच असं नाही. ती अडकून राहते आणि यंत्रणा पुन्हा पुन्हा पैसे कापायचा प्रयत्न करत राहते. खात्यात टॉकटाइम आला रे आला की तो प्रयत्न यशस्वी होतो. त्यामुळे ‘गेले तीन महिने काही कापलं नाही, म्हणजे सेवा बंद झाली असेल’ हा समज खोटा ठरतो. खातं रिकामं होतं, एवढंच.

आता यादी. ट्रायने सर्व कंपन्यांसाठी एकच मोफत क्रमांक ठरवून दिला आहे, तो म्हणजे 155223. त्यावर कॉल करता येतो किंवा एसएमएस पाठवता येतो:

```
STOP
```

हा मेसेज 155223 ला गेला की उत्तरात त्या नंबरवर चालू असलेल्या सेवा आणि त्या बंद कशा करायच्या ते येतं. STOP हे इंग्रजी अक्षरांतच लिहायचं. मावशीच्या फोनमध्ये लिहायची भाषा मराठी होती, ती आधी बदलावी लागली. दुसरी अडचण दोन सिमच्या फोनमध्ये येते. एसएमएस फोनने आपणहून निवडलेल्या सिमवरून जातो, ते सिम दुसऱ्याच कंपनीचं निघतं आणि ‘कोणतीही सेवा सुरू नाही’ असं उत्तर पाहून माणूस निश्चिंत होतो. पाठवताना सिम १ की सिम २ हे हाताने निवडा. तक्रारीच्या 198 या क्रमांकाला कॉल करतानाही तेच.

यादी आली की लगेच बंद करायचा आकडा पाठवू नका. आधी फोटो काढा. कीपॅड फोन असेल तर दुसऱ्या फोनने त्याच्या स्क्रीनचा काढा. सेवेचं नाव, रक्कम आणि मुदत कागदावर उतरवा. कारण सेवा बंद झाली की तक्रार केंद्रातला माणूस त्याच्या स्क्रीनकडे पाहून सांगतो, ‘सध्या तुमच्या नंबरवर काहीच सुरू नाही.’ तो खोटं बोलत नसतो, पण तुमचा मुद्दा तिथेच विरतो. पैसे कापल्यावर आलेले एसएमएसही पुसू नयेत. स्मार्टफोन असेल तर स्पॅमच्या कप्प्यात डोकावावं, कारण हे मेसेज बऱ्याचदा तिथे जाऊन पडलेले असतात.

मावशीच्या यादीत दोन सेवा निघाल्या. एक कॉलर ट्यून, महिन्याला ३० रुपये. दुसरी रोजच्या राशिभविष्याची, आठवड्याला ५ रुपये. तिची रास कोणती हेही त्या सेवेला कधी विचारावं लागलं नव्हतं!

फोटो झाल्यावर दोन्ही बंद केल्या आणि बंद झाल्याचे मेसेज ठेवून दिले. कॉलर ट्यूनमध्ये एक खोच आहे. महिन्याचं भाडं वेगळं आणि गाण्याची किंमत वेगळी असू शकते. गाणं काढून टाकलं तरी भाडं चालू राहतं आणि फोन करणाऱ्याला मग साधी रिंग किंवा कंपनीची ठरलेली धून ऐकू येते. बंद करायची ती सेवा, नुसतं गाणं नव्हे. खात्री करायला दुसऱ्या फोनवरून कॉल लावून ऐकावं. हल्ली बऱ्याच प्लॅनमध्ये कॉलर ट्यून फुकट असते, तेव्हा ट्यून वाजते म्हणजे पैसे जातातच असंही नाही. यादीत रक्कम लिहिलेली असेल तरच भांडावं.

तक्रारीसाठी 198, हा मोफत आहे. 121 सारखे क्रमांक माहितीचे, तिथे तक्रारीत वेळ घालवू नये. 198 वर ‘माझे पैसे गेले’ एवढंच सांगितलं तर सेवा बंद करून फोन ठेवला जातो. मी तीन गोष्टी विचारल्या. सेवा कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाली, कोणत्या मार्गाने सुरू झाली, आणि दुसऱ्या संमतीची नोंद कुठे आहे. तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ट्रायच्या जुलै २०१३ च्या निर्देशानुसार अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते आणि दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या हातात नसलेल्या यंत्रणेतून घ्यावी लागते. म्हणजे नोंद असायलाच हवी. तिची मागणी झाली की बोलण्याचा सूर बदलतो.

बोलणं संपलं की तक्रारीचा डॉकेट क्रमांक एसएमएसने यायला हवा. तो आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, कारण डॉकेट नसेल तर पुढे अपील करता येत नाही.

मार्गाचं उत्तर असं आलं: राशिभविष्य सिमच्या मेन्यूमधून, कॉलर ट्यून कॉल चालू असताना बटण दाबून. दोन्ही पटण्यासारखं होतं. आपण ज्याला फोन केला त्याची धून वाजत असताना * दाबली की ती आपल्याला घेता येते, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. मग फोन कानाला लावून गालाने बटण दाबलं गेलं, तरी पहिली पायरी झालीच. राशिभविष्याचं मूळ फ्लॅश मेसेज. स्क्रीनच्या मधोमध आपोआप एक चौकट उगवते, दोन ओळींचा मजकूर आणि खाली OK, CANCEL. कीपॅड फोनवर OK म्हणजे मधलं मोठं बटण, जे मावशी फोन उघडायला दाबते तेच. एका चौकटीनंतर लगेच दुसरी आली तर दोन्ही ‘संमत्या’ एका दमात होतात.

म्हणून सेवा बंद केल्यावर ती चौकटही बंद करावी लागते, नाहीतर पंधरवड्यात नवी सेवा बसते. डीएनडीने ती थांबत नाही. 1909 ला FULLY BLOCK पाठवल्याने जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस कमी होतात, पण चौकट सिमवरच्या छोट्या प्रोग्राममधून येते. स्मार्टफोनवर तो SIM Toolkit किंवा कंपनीच्या नावाच्या अ‍ॅपमध्ये असतो, साध्या फोनवर मेन्यूतच. एअरटेलच्या सिमवर Airtel Now!, व्हीआयच्या सिमवर Flash!, बीएसएनएलवर BSNL Buzz अशा नावाखाली शोधा. आत Start/Stop किंवा Activation असं काहीतरी असतं, तिथे Stop किंवा Deactivate निवडायचं. सिम बदललं तर हे पुन्हा करावं लागतं.

परताव्याचं गणित वेळेवर ठरतं. पैसे कापल्यापासून २४ तासांच्या आत कळवलं तर बाजू सर्वात भक्कम असते. राशिभविष्याचे ताजे ५ रुपये लगेच मुख्य शिल्लकेत परत आले. ३० रुपयांना ‘ग्राहकाने स्वतः सुरू केलेली सेवा’ असं लिहून तक्रार बंद केली गेली. तक्रार बंद झाली म्हणजे प्रकरण संपलं असं नाही. त्याच कंपनीत अपील प्राधिकारी असतो आणि ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहक तक्रारीच्या पानावर मिळतात. निर्णयाला ३९ दिवसांची मुदत आहे. मी डॉकेट क्रमांक, यादीचा फोटो आणि एकच वाक्य पाठवलं: दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ आणि मजकूर द्यावा. मजकूर आला नाही, ३० रुपये आले. ट्रायकडे थेट पत्र लिहून उपयोग होत नाही, ते एकट्यादुकट्याच्या तक्रारी सोडवत नाहीत.

यादी कोरी आली आणि तरीही पैसे जात असतील तर प्रीपेडवाल्याला मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो, त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कपातीची नोंद कोणत्या शीर्षकाखाली आहे ते त्यात दिसतं. पोस्टपेडला हेच बिलात असतं. स्मार्टफोन असेल तर Play Store मध्ये Payments & subscriptions उघडून पैसे भरण्याच्या पर्यायांत मोबाइल कंपनीचं नाव आहे का तेही पाहावं. गेमची खरेदी तिथून मोबाइल खात्यावर पडू शकते आणि 155223 च्या यादीत ती दिसत नाही.

मावशीच्या खात्यात आता टॉकटाइम ठेवतच नाही. अनलिमिटेड पॅकला तो लागत नाही. परदेशी कॉल करायचा असेल तेव्हा तेवढंच टॉपअप मारतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक बघतो.