निर्दोष सुटल्यावर दादाचे 1540 दिवस आणि उरलेले 1990

दादाला नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली होती. ओळख परेड अटकेनंतर चार महिन्यांनी घेतलेली, आणि त्याआधी त्याचा फोटो छापून आलेला. हत्यार जप्त केल्याच्या पंचनाम्यातला पंच पोलिसांच्या इतर खटल्यांतही पंच म्हणून उभा राहिलेला. न्यायालयाने हे दोन्ही पुरावे झटकून टाकले. अपिलाची सगळी कथा मी सांगत बसणार नाही. वकील विधी सेवा समितीकडून मिळाले, आणि चांगले मिळाले. मला लिहायचंय ते नंतरचं, भरपाई मागायला निघालो तेव्हाचं. खरं तर एकाच कागदाचं.

आधी एवढं समजून घ्या की आपल्याकडे चुकीच्या शिक्षेची भरपाई देणारा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने 2018 साली 277 व्या अहवालात तसा कायदा आणि त्यासाठी विशेष न्यायालयं सुचवली, पण पुढे कायदा काही आला नाही. त्यामुळे उरतो तो रिट याचिकेचा, म्हणजे मूलभूत हक्क डावलला म्हणून थेट वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा रस्ता. 1983 साली रुदुल साह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो उघडला. बिहारमधला हा माणूस 1968 साली निर्दोष ठरल्यावरही 14 वर्षं तुरुंगात होता. न्यायालयाने भरपाई दिली ती आधी सरकारने दिलेले पाच हजार सोडून 30,000 रुपये. 2018 मध्ये हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अटक झालेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 50 लाख देण्याचा आदेश झाला. 2019 मध्ये आपल्याच राज्यातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीच्या शिक्षेतून निर्दोष सोडताना प्रत्येकी पाच लाख. रकमा बघितल्यात? ठरलेलं सूत्र नाही. नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही, यंत्रणेचा दोष दाखवावा लागतो. आणि किती दिवस गेले ते सिद्ध करावं लागतं.

आम्ही अडकलो ते या दिवसांत.

एका विधी महाविद्यालयात चुकीच्या शिक्षांच्या प्रकरणांवर काम करणारा विद्यार्थ्यांचा गट आहे. अमेरिकेतल्या इनोसन्स प्रोजेक्टच्या धर्तीवर, पण तिकडे 1992 पासून मुख्य भर डीएनए चाचणीवर आहे. आमच्या प्रकरणात तपासायला डीएनए नव्हताच. त्या मुलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "एकूण किती दिवस आत होते?" मी म्हटलं, साडेनऊ वर्षं. त्यातली एक मुलगी म्हणाली, "ताई, वर्षं नको, दिवस हवेत. आणि तुरुंगाच्या शिक्क्यासकट."

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. दादा ज्या तुरुंगातून सुटला तिथे अर्ज दिला. तीन आठवड्यांनी दाखला आला : 22 ऑगस्ट 2018 ते 8 नोव्हेंबर 2022, एकूण 1540 दिवस. मी खिडकीवर वाद घातला. आतल्या बाबूंनी शांतपणे सांगितलं, "ताई, आमच्या रजिस्टरला ते 22 ऑगस्टला आले. त्याआधीचं आम्ही कसं लिहून देणार?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

दादा तीन तुरुंगांत राहिला : खटला चालू असताना एका जिल्हा कारागृहात, शिक्षेनंतर एका मध्यवर्ती कारागृहात, आणि तिथे गर्दी झाली म्हणून दुसऱ्या मध्यवर्तीत. दुसऱ्या तुरुंगाने लेखी कळवलं की बंद्याची फाईल बदलीबरोबर गेली, तिसऱ्याला विचारा. तिसऱ्याने सांगितलं, फाईल आली पण जुनी रजिस्टरं आली नाहीत, दुसऱ्याला विचारा. जिल्हा कारागृहाने तर उत्तरच दिलं नाही. मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, आणि तिथे माझीच घोडचूक झाली. अर्ज माझ्या नावाने केला. तिसावा दिवस उलटायच्या आत नकार आला : कलम 8(1)(ञ), त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती. सख्खी बहीण असले तरी कायद्याला मी त्रयस्थच. दादाच्या नावाने, त्याच्या सहीने अर्ज केला असता तर हा नकार देताच आला नसता. पहिलं अपील करण्यापेक्षा नवा अर्ज सोपा, हे मला अपिलात दीड महिना घालवल्यावर कळलं.

दुसरा अर्ज दादाच्या सहीने गेला. त्यात नुसता "दाखला द्या" असं नव्हतं. गटातल्या मुलांनी लिहायला लावलं की प्रवेश रजिस्टरची, बदलीच्या आदेशाची आणि रजेवर सोडल्याच्या नोंदीची प्रत द्या. दाखला तयार करायला लागतो, नोंद मात्र असतेच, आणि असलेली गोष्ट "नाही" म्हणणं अवघड जातं. हे एकच वाक्य कोणी मला जानेवारीत सांगितलं असतं तर!

प्रती आल्या तरी 13 दिवस कुठेच नव्हते. अटक 11 मार्च 2013 ची, जिल्हा कारागृहात नोंद 24 मार्चची. मधले 13 दिवस दादा पोलीस कोठडीत होता, आणि पोलीस कोठडीचा हिशेब तुरुंगाच्या वहीत नसतोच. ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या रिमांडच्या आदेशांतून काढावे लागतात. ती कागदपत्रं सत्र न्यायालयाच्या रेकॉर्डमध्ये गेली होती. तिथून नक्कल मिळायला आणखी दोन महिने.

शेवटी हिशेब बसला : अटकेपासून सुटकेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, 3530. त्यातले 14 दिवस आई गेली तेव्हाच्या अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, ते वजा केले तर 3516. मला ते वजा करायचे नव्हते. पण वकील म्हणाले की विरोधी पक्षाने काढण्यापेक्षा आपण स्वतः सांगावं.

हे सगळं डिसेंबर 2023 मध्ये संपलं, आणि इथे एक गोष्ट आहे जी मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवी होती. द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा करायचा असेल, तर मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त एक वर्ष. आमची नोव्हेंबरमध्येच संपली. त्या दाव्याला हा दाखला लागतही नव्हता, कागद नंतर जोडता आले असते. मी मात्र "आधी कागद पूर्ण, मग पाऊल" असं घोकत बसले. आता फक्त रिट उरली. तिला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशीर का झाला ते सांगावं लागतं.

निकालपत्राबद्दलही एक. शेवटच्या परिच्छेदात "संशयाचा फायदा" हे शब्द आहेत का ते पाहा. आमच्यात होते, आणि सरकार त्यांच्यावरच उभं राहतं. म्हणून याचिकेत त्या शब्दांच्या आधीची पानं जोडली. न्यायालयाने पंचनामा आणि ओळख परेड यांबद्दल जे लिहिलंय, यंत्रणेचा दोष तिथे आहे.

याचिका 2024 मध्ये दाखल झाली. सरकारचं उत्तर प्रतिज्ञापत्रावर आलं, नऊ पानांचं. "संशयाचा फायदा" पहिल्याच पानावर होता, ते अपेक्षित होतं. सहाव्या पानावर होतं की याचिकाकर्ता एकूण 1540 दिवस कारागृहात होता. पहिला दाखला त्यांनी स्वतःहून जोडला होता.

आमच्या वकिलांनी प्रत्युत्तराला रजिस्टरच्या तिन्ही प्रती आणि रिमांडचे आदेश जोडले. दादाने त्यावर सही केली, आणि सही करताना 3516 हा आकडा बोटाने दोनदा मोजला.