मिक्सर ठिणग्या टाकतोय? कार्बन बदलण्याचा माझा अनुभव

मिक्सरच्या मागच्या जाळीतून ठिणग्या दिसायला लागल्या की बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: मोटर गेली. आमच्याकडेही तेच झालं. साडेसातशे वॅटचा मिक्सर, बरीच वर्षं रोज दोन वेळा वापरलेला. आधी वास यायला लागला, मग खोबऱ्याचं वाटण तीन नंबरवरसुद्धा बारीक होईना. आई म्हणाली, "अगं, तीनवर ठेवलाय आणि आवाज एकचा येतोय." मिक्सरच्या अंगावर थाप मारली की क्षणभर जोर यायचा आणि पुन्हा पडायचा.

ही थाप मारल्यावर जोर येण्याची खूण मला महत्त्वाची वाटली. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळलं असेल तर थापेने काही फरक पडत नाही. थापेने फरक पडतो म्हणजे कुठेतरी संपर्क सुटतोय. मिक्सरच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोचवायचं काम दोन कार्बन ब्रश करतात. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कम्युटेटर. त्याच्यावर दोन बाजूंनी हे कार्बन स्प्रिंगने दाबलेले असतात. कार्बन घासून आखूड झाला की स्प्रिंग लांबते, तिचा दाब कमी होतो आणि मिनिटाला हजारो फेरे मारणाऱ्या तांब्यावर कार्बन उड्या मारायला लागतो. प्रत्येक उडीला एक ठिणगी, आणि तेवढ्या वेळापुरती मोटरला वीज नाही. ठिणगी आणि कमी झालेला जोर ही एकाच कारणाची दोन लक्षणं.

उघडण्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या. भांड्याच्या तळाचं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते, जाम झालेलं असेल तरी मोटर दमते आणि वास येतो. म्हणून भांडं उलटं धरून पातं हाताने फिरवलं, सहज फिरलं. मग भांडं न लावता मिक्सर एकवर क्षणभर चालवला, तरी ठिणग्या होत्याच. म्हणजे दोष मोटरच्या बाजूला. शिवाय ओव्हरलोडचं खालचं लाल बटण उडालं असतं तर मिक्सर पूर्ण बंद पडला असता, असा रडतखडत चालला नसता.

पिन बोर्डातून काढून ती नजरेसमोर ठेवली. नुसतं बटण बंद करून काम करू नये. मिक्सर जाड टॉवेलवर उलटा ठेवला. तळाचे स्क्रू आमच्या मिक्सरमध्ये रबरी पायांच्या आत आहेत, त्यामुळे लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर लागला. तळ सुटल्यावर तो एकदम ओढला नाही, कारण वायर आणि ओव्हरलोडचं बटण त्यालाच जोडलेलं असतं. काही सुटं करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढले.

आत सगळीकडे काळी बारीक पूड होती. ती कार्बनचीच, आणि तिच्यातून वीज जाते. म्हणून फुंकर मारून ती आणखी आत ढकलण्यापेक्षा कोरड्या मऊ ब्रशने बाहेर झाडली. नाकाला रुमाल बांधला होता.

कार्बन पितळेच्या चौकोनी नळीत बसतो. मागे स्प्रिंग, स्प्रिंगच्या आतून तांब्याची बारीक वेणी आणि टोकाला पितळी टोपी. दोन्ही कार्बन काढून मोजले. एक साधारण नऊ मिलिमीटर उरला होता, दुसरा जेमतेम सहा. नवा वीसच्या आसपास असतो. आखूड कार्बनची स्प्रिंग निळसर पडली होती, म्हणजे ती तापून मऊ झाली होती. त्याच्या एका अंगावर उभे ओरखडे होते आणि तो नळीतून सहज खाली सरकत नव्हता, पुडीने अडकत होता. हे पाहिलं नसतं तर नवा कार्बनही तिथेच अडकला असता. नळी आतून कापडाच्या पट्टीने स्वच्छ केली. जुना कार्बन आत टाकून नळी तिरकी केली की तो आपसूक घसरला पाहिजे, ही माझी कसोटी.

आता कम्युटेटर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण कार्बन बदलून उपयोग होणार की नाही ते इथेच कळतं. भांडं ज्यावर बसतं तो कपलर हाताने हळूहळू फिरवत बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पट्टी पाहिली. चांगला कम्युटेटर चकचकीत तांब्यासारखा नसतो. कार्बन जिथे घासतो तिथे एकसारखा चॉकलेटी रंग चढलेला असतो. तो रंग म्हणजे मळ नाही, तो थर असल्यामुळेच कार्बन कमी झिजतो. आमच्या कम्युटेटरवर तो होता, थोडा गडद, पण सगळ्या पट्ट्यांवर सारखा. एखादी पट्टी किंवा शेजारच्या दोन पट्ट्याच काळ्या जळलेल्या असतील, कडा खाल्लेल्या असतील, तर ती आर्मेचरच्या आतली तार तुटल्याची किंवा शॉर्ट झाल्याची खूण.

डोळ्यांना दिसलं त्याची मल्टिमीटरने खात्री केली. दोन्ही कार्बन बाहेर असताना, दोनशे ओहमच्या खुणेवर, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर टोकं ठेवत गोल फिरले. आकडा किती येतो यापेक्षा तो सगळीकडे जवळजवळ सारखा येतो का हे बघायचं. एका जागी तो एकदम वाढला तर तार तुटलेली, एकदम शून्याकडे गेला तर शॉर्ट. मग एक टोक पट्टीवर आणि दुसरं मधल्या लोखंडी दांड्यावर. इथे मीटरवर जोडणी अजिबात दिसता कामा नये. आमचे सगळे आकडे सारखे आले. कपलर धरून आडवा हलवूनही पाहिला. दांडा बाजूला हलत असेल तर बुश झिजलेलं आहे, आणि तसल्या मोटरमध्ये नवे कार्बनसुद्धा उड्या मारतात. आमचा हलत नव्हता.

पट्ट्यांमधल्या बारीक फटी कार्बनच्या पुडीने भरल्या होत्या. त्या बांबूच्या टूथपिकने एकेक मोकळ्या केल्या. सुईने हे करू नये, तांब्यावर ओरखडा पडला की तिथूनच कार्बन सोलत राहतो.

जुने कार्बन खिशात घालून भद्रकालीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारांनी कंपनीचं नाव विचारलंच नाही. "ताई, जुना आणलाय ना? मग झालं. एकाच कंपनीत दोन-तीन मापं येतात." त्यांनी व्हर्नियरने रुंदी आणि जाडी मोजली. लांबी झिजते, ही दोन मापं झिजत नाहीत, म्हणून जुळवायची तीच. किंचित जाड असला तर घासून बसवू असं चालत नाही, तापला की तो नळीत अडकतो. आणि सैल असला तर खडखडतो. स्प्रिंग आणि टोपीसकट जोडी घेतली. एकच आखूड झाला असला तरी दोन्ही बदलायचे, नाहीतर दोन बाजूंचा दाब वेगळा राहतो. जोडी अगदी स्वस्त पडली. आर्मेचर बदलायचा खर्च याच्या कितीतरी पट.

नवा कार्बन बसवणं दोन मिनिटांचं काम, पण त्याचं तोंड सपाट असतं आणि कम्युटेटर गोल. तसाच चालवला तर सुरुवातीला तो रेघेएवढ्याच जागेवर टेकतो, सगळी वीज त्या रेघेतून जाते आणि ठिणग्या जुन्यापेक्षाही जास्त दिसतात. नवे कार्बन टाकूनही स्पार्क होतो अशी तक्रार ऐकू येते, त्याचं एक कारण हे. म्हणून कार्बनचं तोंड आधी गोलाईला बसवून घेतलं.

त्यासाठी बारीक पॉलिश पेपरची कम्युटेटरच्या रुंदीएवढी पट्टी कापली. गुळगुळीत बाजू तांब्याकडे आणि खरखरीत बाजू कार्बनकडे, अशी ती कम्युटेटरला लपेटली. दुसरा कार्बन त्या वेळी बाहेर. पट्टी तांब्याला घट्ट चिकटलेली ठेवून, मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेने ती कार्बनखालून ओढली; मग कार्बन उचलून पट्टी मागे घेतली, पुन्हा ओढली. मागेपुढे घासलं किंवा पट्टी तांब्यापासून उचलून ओढली तर कार्बनच्या कडा गोल होतात आणि टेकणारी जागा उलट कमी होते. मधूनमधून कार्बन काढून तोंड पाहिलं. घासलेला भाग मंद दिसतो, न घासलेला गुळगुळीत चमकतो. चमक जवळजवळ सगळी जाऊन तोंड कम्युटेटरच्या गोलाईचं झालं तेव्हा थांबले. मग दुसऱ्याचं तेच. लोखंडासाठीचा काळा एमरी पेपर इथे वापरायचा नाही, त्याचे कण कार्बनमध्ये रुततात आणि तांबं कोरतात.

पडलेली पूड झाडून, टोप्या पक्क्या बसवून, फोटोशी वायरी ताडून तळ लावला. उघड्या मोटरला वीज देऊन पाहायचा मोह टाळावा, कारण आतल्या पितळी नळ्यांतही वीज असते. तळ लावून, स्वयंपाकघरातला दिवा घालवून, भांडं न लावता एकवर चालवला. जाळीतून कार्बनच्या कडेशी बारीक निळसर ठिणग्या दिसल्या, जागच्या जागी. एवढ्या चालतात. दोनेक मिनिटं चालवून थंड होऊ दिला, पुन्हा चालवला, मग भांड्यात पाणी घालून दोनवर. प्रत्येक खेपेला ठिणग्या कमी होत गेल्या. खोबरं आणि भिजवलेली डाळ दुसऱ्या दिवशी. तीनला तीनचा आवाज आला.

माझं बघून शेजारच्या मावशींनी त्यांचा मिक्सर आणून दिला. त्यांनी नुकतेच कार्बन बदलून घेतले होते, तरी स्पार्क तसाच. दिवा घालवून चालवल्यावर फरक लगेच दिसला: ठिणग्या कार्बनपाशी नव्हत्या, कम्युटेटरभोवती नारिंगी कडं फिरत होतं. लगेच बंद केला. उघडल्यावर शेजारच्या दोन पट्ट्या काळ्याठिक्कर, आणि मीटर नेमका तिथेच उडी मारत होता. आणखी एक जोडी घालून काही होणार नव्हतं. मावशींना त्या पट्ट्या दाखवल्या, जळक्या बाजूवर मार्करने खूण केली आणि आर्मेचरचा भाव काढायला मिक्सर दुकानात पाठवला.