मार्चचे 42 लाख

फरसाणच्या एका छोट्या कारखान्याचा हिशोब माझ्याकडे आहे. कळमन्याकडे शेड, तीन कढया, पॅकिंगची दोन मशिनं, आणि नागपूरहून उमरेड, काटोल, भंडारा, कामठी अशा लाइनी. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या लडी किराणा दुकानांत आणि पानठेल्यांवर लटकतात, तोच यांचा धंदा. मालकाला सगळे भाऊ म्हणतात, विक्री त्यांचा पुतण्या बघतो. 2025 च्या मे महिन्यात भाऊंचा फोन आला. तेलवाल्याचं पेमेंट थकलं होतं आणि बँकेतली ओव्हरड्राफ्टची मर्यादा टोकाला गेली होती. "मॅडम, मार्चमध्ये आजवरचा सगळ्यात मोठा धंदा झाला. मग पैसा कुठं गेला? माल तर निघून राहिला ना!"

माल निघत होता, यात शंकाच नव्हती. पुतण्याने मोबाइलवर एक डॅशबोर्ड लावून घेतला होता. त्यावर सतरा आकडे होते: रोजची बिलं, जोडलेली नवी दुकानं, सेल्समनच्या भेटी, गाडीचे किलोमीटर, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर. सतराच्या सतरा हिरवे. हे असे डॅशबोर्ड विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. जे सहज मोजता येतं ते मोजून देतात, आणि त्यावरून मालकाने सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे विचारलं की गप्प बसतात.

जीएसटी सोडून फेब्रुवारीचं बिलिंग 31 लाखांचं होतं, मार्चचं 42 लाखांचं. एप्रिलमध्ये ते 24 लाखांवर आलं. भाऊंचा पहिला संशय तेलावर होता. तेल महाग झालं होतंच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, तेव्हापासून प्रत्येक फरसाणवाला हेच सांगतो. पण ते फेब्रुवारीतही महागच होतं, आणि फेब्रुवारीत पैशाची अशी ओढाताण नव्हती. दुसरा संशय उन्हावर. मे महिन्यात 5 लाख 10 हजारांचा माल परत आला होता, आणि पुतण्याचं म्हणणं होतं की 45 डिग्रीत शेव खवट होणारच, दरवर्षी होते.

मी टॅलीत क्रेडिट नोटा काढून पाहिल्या. परतीची प्रत्येक नोंद `On Account` टाकलेली. खरं तर ती `Agst Ref` लावून मूळ बिलाला जोडायची असते, म्हणजे कोणत्या बिलाचा माल परत आला ते कळतं. इथे दुकानदाराच्या खात्यातून रक्कम तेवढी वजा झाली होती. त्यामुळे परतीचं प्रमाण काढताना त्यांचा अकाउंटंट एकच करत होता: या महिन्यात आलेली परत भागिले याच महिन्याची बिलं. मार्चमध्ये 1 लाख 30 हजार परत, बिलं 42 लाखांची, म्हणजे 3 टक्के. डॅशबोर्डवर ते सुद्धा हिरवं.

या भागाकारात खाली मार्चचा माल आहे आणि वर जानेवारीचा. साध्या पाऊचमधलं फरसाण दुकानात लटकून जुनं व्हायला, मग सेल्समनच्या पुढच्या फेरीत गाडीत चढायला सहा-आठ आठवडे लागतात. मार्चमध्ये जे परत आलं ते बहुतेक जानेवारीत गेलेलं होतं. बिलिंग वाढलं की खालचा आकडा लगेच फुगतो, वरचा दोन महिन्यांनी. म्हणजे दुकानात जबरदस्तीने माल कोंबला तर त्या महिन्यात परतीची टक्केवारी उलट सुधारलेली दिसते. आणि हाच आकडा बघून पुतण्याला वाटत होतं की आपण बरोबर चाललो आहोत.

टॅलीतून उत्तर मिळणार नव्हतं, म्हणून मी गोडाऊनमध्ये गेले. परतीच्या मालाच्या चुंगड्या एका भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. ढोरांच्या खाद्यासाठी नेणारा माणूस अजून यायचा होता. गोडाऊन सांभाळणारे काका वीस वर्षं तिथेच आहेत. त्यांनी ताडपत्री अंथरली, आम्ही एकेक चुंगडी रिकामी केली, आणि पुडीच्या मागच्या पॅकिंगच्या तारखेप्रमाणे ढीग लावत गेलो. जुन्या तेलाचा तो वास घशात बसतो. एक गोष्ट पाहताक्षणी जाणवली: बहुतेक लडी पूर्ण होत्या. खालून दोन-तीन पुड्या तोडलेल्या आणि बाकी लडी परत, असं नेहमी दिसतं. इथे बाराच्या बारा पुड्या जागेवर, वरच्या भोकात खिळ्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे त्या लडी दुकानात कधी लटकल्याच नव्हत्या. खोक्यात आल्या, खोक्यात राहिल्या, खोक्यातच परत गेल्या.

"हे 18 मार्चचं, हे 22 चं, हे बी 22 चंच," काका सांगत गेले. "मॅडम, त्या आठवड्यात रात्री दहापर्यंत मशिन चालू होतं. मी म्हटलं होतं भाऊंना, एवढं कोण खाऊन राहिलं?"

ढिगांचं वजन केलं. मे महिन्यातल्या परतीपैकी साधारण 3 लाख 60 हजारांचा माल मार्चमध्ये पॅक झालेला निघाला. एप्रिलच्या परतीसाठी काकांची वही होती. हा माणूस प्रत्येक चुंगडीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख लिहून ठेवतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि अख्ख्या कारखान्यात एवढी कामाची नोंद दुसरी नव्हती. त्यावरून एप्रिलचे 90 हजार मार्चच्या मालाचे धरले. जूनमध्ये परत आलेला माल आम्ही पुन्हा असाच निवडला, त्यात 60 हजारांचा निघाला. एकूण 5 लाख 10 हजार. मे महिन्याच्या परतीइतकाच आकडा आला हा योगायोग. दोन्ही रकमा वेगळ्या आहेत. पॅकिंगनंतर तीन-चार दिवसांत माल निघतो, त्यामुळे पॅकिंगचा महिना आणि बिलाचा महिना यांत थोडा फरक राहतो, तेवढी चूक मी मान्य धरली. मार्चच्या मालाची खरी परत 12 टक्के होती. याच पद्धतीने काढलेली फेब्रुवारीची 4 टक्के.

मग भाऊंसमोर कागदावर हिशोब मांडला. शंभर रुपयांच्या विक्रीमागे माल, पॅकिंग आणि मजुरी मिळून 78 रुपये जातात. परत आलेल्या पुडीचे शंभरच्या शंभर दुकानदाराला वळते करावे लागतात, 78 तर आधीच खर्च झालेले असतात, आणि ढोरांच्या खाद्याचे जे मिळतात ते चुंगड्या उचलण्यातच संपतात. फेब्रुवारी: 31 लाखांतून परत वजा जाऊन 29 लाख 76 हजार उरले, खर्च 24 लाख 18 हजार, हातात 5 लाख 58 हजार. मार्च: 42 लाखांतून परत वजा जाऊन 36 लाख 90 हजार, खर्च 32 लाख 76 हजार, हातात 4 लाख 14 हजार. अकरा लाखांचं जास्त बिलिंग करून 1 लाख 44 हजार कमी मिळाले. शिवाय तो सगळा माल तयार करायला तेल आणि बेसन उधारीवर आणलेलं, ती उधारी आता दारात उभी होती.

भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. पुतण्याने मात्र लगेच विचारलं, "ताळेबंदात तर नफा दिसला होता?" दिसला होता, कारण 31 मार्चच्या स्टॉकमध्ये परतीच्या चुंगड्याही पूर्ण किमतीने मोजल्या होत्या. लेखा मानक 2 सांगतं की स्टॉक त्यावर आलेला खर्च किंवा विकून मिळणारी निव्वळ किंमत, यांतलं जे कमी असेल त्यानेच धरायचा. ढोरांच्या खाद्याला जाणारा माल शेवेच्या भावाने धरणं हा आळस आहे, आणि छोट्या कारखान्यांच्या ताळेबंदांत तो मला सर्रास दिसतो.

मार्चमध्ये एवढा माल का कोंबला गेला, त्याचं कारण सरळ होतं. 35 लाखांच्या वरच्या बिलिंगवर पुतण्याला आणि सेल्समनना इन्सेंटिव्ह होता, आणि परत आलेला माल त्यातून वजा होत नव्हता. शेवटच्या पंधरवड्यात स्कीम लावली, नवी 140 दुकानं जोडली. त्यातल्या किती जणांनी 21 दिवसांत पुन्हा माल घेतला, हे मी बिलांवरून मोजलं. 38. जुन्या दुकानांत हेच प्रमाण शंभरात सत्तरच्या आसपास असतं. पुतण्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर जो आकडा ठेवला, तो त्याने मेहनतीने वाढवून दाखवला.

सतरा आकड्यांतून आम्ही एकही ठेवला नाही. तीन नवे घेतले. पहिला, पॅकिंगच्या महिन्याप्रमाणे परत. हा सगळ्यात खरा, पण दोन-अडीच महिने जुना झाल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. म्हणून दुसरा, 21 दिवसांत पुन्हा माल घेणारी दुकानं, लाइनवार. हा तीन आठवड्यांत बोलतो आणि पुढची परत किती येणार ते बरंचसं आधी सांगतो. तिसरा, 30 दिवसांवरची उधारी. न विकलेल्या मालाचे पैसे दुकानदार देत नाही, त्यामुळे परत कागदावर यायच्या आधी ती उधारीत दिसते. मार्चच्या बिलांची उधारी एप्रिलअखेरच तुंबलेली होती, कोणतं बिल किती दिवस थकलंय याची यादी कोणी काढली नव्हती एवढंच. बिलिंगचा आकडा कढया किती चालवायच्या ते ठरवायला लागतो, तो आतल्या वहीत राहिला. इन्सेंटिव्ह आता वसूल झालेल्या रकमेवर, परत वजा करून, दोन महिन्यांनी मिळतो. सेल्समन नाराज आहेत. पैसा उशिरा हाती येतो, त्यामुळे त्यांची नाराजी मला समजते.

ऑगस्टमध्ये भंडारा लाइनची परत एकदम दीड टक्क्यावर आली. भाऊ खूश झाले, मला ते पटलं नाही. त्याच लाइनवर पुन्हा माल घेणारी दुकानं तेवढीच होती आणि उधारी वाढली होती. परत खरोखर कमी झाली असती तर हे दोन्ही सुधारले असते. काकांनी तुमसरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, जुना माल पडून आहे, पण तुमचा पोरगा म्हणतो गाडीत जागा नाही, पुढच्या फेरीला नेतो. परत इन्सेंटिव्हमधून वजा होते म्हटल्यावर परतच उचलायची नाही, हा मार्ग सेल्समनने शोधला होता.

त्यावर चौथा आकडा लावावा, असं पुतण्याचं मत आहे: दुकानात पडून असलेल्या जुन्या मालाची सेल्समननेच मोबाइलवर नोंद करायची. मी नको म्हटलं. ज्याचा इन्सेंटिव्ह कापला जाणार, त्याच्याच हातची नोंद कशी खरी मानायची? सध्या ठरलंय ते असं की महिन्यातून एकदा काका गाडीबरोबर जातील, लाइनवरची दहा दुकानं स्वतः निवडतील आणि लटकलेल्या लडींवरच्या तारखा त्यांच्या वहीत उतरवतील. पहिली फेरी भंडाऱ्याची. ते गेले की त्या दिवशी गोडाऊन कोण बघणार, यावर भाऊंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.