बुधवार, रात्री साडेदहा

आज कॉल सेंटरमध्ये सकाळच्या तिसऱ्याच कॉलवर माझा अंदाज साफ चुकला.

वॉशिंग मशीनची तक्रार होती. बाईंनी फोन उचलल्या उचलल्या सुरुवात केली ती साडेचार मिनिटं थांबल्याच नाहीत. पाणी निघत नाही, कपडे तसेच ओले, तीनदा फोन केला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं, तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही. मी मध्ये बोलले नाही. समोर पॅड असतंच, त्यावर लिहीत गेले. आता सवय झाली आहे, शिव्याशाप कानावरून जाऊ द्यायचे आणि तारखा, आकडे, नावं तेवढी कागदावर घ्यायची.

त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा, ग्राहकाचं म्हणणं त्यालाच परत सांगायच्या माझ्या नेहमीच्या दोन ओळी मी म्हटल्या. "मॅडम, मशीनमधून पाणी निघत नाहीये आणि तीनदा कळवूनही ते दुरुस्त झालेलं नाही. तुम्हाला ते लवकरात लवकर दुरुस्त करून हवंय." वाक्यं स्वच्छ होती, व्याकरण चोख. बाई आणखीनच भडकल्या. "मशीनचं सोडा हो! मशीन काय आज ना उद्या होईल!"

मशीन बाजूला राहिलं, म्हणजे राग दुसऱ्याच कशाचा होता. पॅडवर पाहिलं तर ते लिहिलेलंच होतं, मीच त्याला महत्त्व दिलं नव्हतं. दोन वेळा त्या अर्धा दिवस रजा टाकून घरी थांबल्या, टेक्निशियन आला नाही, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला की ग्राहक घरी नसल्यामुळे भेट होऊ शकली नाही. बोलण्याच्या ओघात त्यांनी हे एकदाच सांगितलं होतं, पण त्या वाक्याला त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. मी ओरडण्याच्या मागे गेले आणि नेमकी तीच जागा निसटली.

मग पुन्हा सांगितलं. "माफ करा, माझ्याकडून मुख्य गोष्ट राहिली. तुम्ही दोनदा अर्धी रजा टाकून घरी थांबलात, माणूस आला नाही, आणि वर आमच्याकडून मेसेज आला की तुम्हीच घरी नव्हता. आधी ती नोंद दुरुस्त व्हायला हवी आणि नंतर खात्रीची वेळ मिळायला हवी. बरोबर आहे ना, की अजून काही राहिलं?"

पलीकडे शांतता. तीन-चार सेकंदच असेल, पण हेडफोनमध्ये ती फार मोठी वाटते. अशा वेळी जीभ आवरणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. नवीन मुलं तिथेच घाई करतात आणि "तुमची गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे पाठ केलेलं वाक्य ओततात, की विझत आलेलं पुन्हा पेटतं. मी गप्प राहिले. मग त्या म्हणाल्या, "हो. तेच सांगतेय मी मघापासून. आणि दोनदा अर्धी नाही, दुसऱ्या वेळी पूर्ण दिवसाची रजा होती."

ही दुरुस्ती ऐकली की मला हायसं वाटतं. माणूस तपशील दुरुस्त करायला लागला म्हणजे भांडण संपून काम सुरू झालं. "तुम्ही लोक"चं नुसतं "तुम्ही" होतं, वाक्यं आखूड होतात, मध्येच तोडून बोलणं थांबतं. "हो, पण" आलं तर अजून काही बाकी आहे, पुन्हा ऐकायचं. नुसतं "हो" आलं तर पुढे जायचं. "बरं बरं, ठीक आहे" मात्र फसवं असतं. तो होकार नव्हे, कंटाळा.

या दोन ओळींपैकी पहिली काय घडलं याची, तीही शक्यतो ग्राहकाच्याच शब्दांत. त्या "रजा टाकली" म्हणाल्या तर मीही "रजा टाकली"च म्हणायचं, "प्रतीक्षा करावी लागली" नाही. दुसरी ओळ त्यांना काय हवंय याची. दोनच ओळी अशासाठी की तिसरी ओळ आली की त्यात आपली बाजू शिरते. मला हे शिकवणाऱ्या सीनियरचे दोन कडक नियम होते: "तुमच्या म्हणण्यानुसार" म्हणायचं नाही, कारण त्यात "आम्हाला काही पटलेलं नाही" असं ऐकू येतं, आणि शेवटी "पण" लावायचा नाही. त्याच म्हणायच्या की हे काही कॉल सेंटरने शोधलेलं नाही. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली वाद घालणाऱ्यांसाठी हाच नियम सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल इतकं नीट मांडून दाखवा, मगच स्वतःचं बोला. "त्याचं समाधान होईल" हे महत्त्वाचं. आज सकाळी माझ्या पहिल्या दोन ओळींनी माझं समाधान झालं होतं, त्यांचं नाही.

चूक कोणाची हे तोवर मला ठाऊक नव्हतं. टेक्निशियन दारापर्यंत जाऊन परत आला होता की गेलाच नव्हता, कोण जाणे. म्हणून "आमच्या माणसाने खोटं लिहिलं" असं मी म्हटलं नाही. मेसेज आला होता, ही खरी गोष्ट तेवढी म्हटली. ऐकलं म्हणजे कबूल केलं असं होत नाही, आणि ग्राहकालाही ते कळतं.

पुढचं पटकन उरकलं. जुनी नोंद पुसायचे अधिकार मला नाहीत, हे सरळ सांगितलं. तिच्याखाली बाईंचं म्हणणं तारखांसकट लिहिलं, सुपरवायझरकडे पाठवलं आणि त्यांना वाचून दाखवलं. उद्या दहा ते बाराची वेळ घेतली. फोन ठेवताना त्या थँक्यू वगैरे म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात?

दुपारी मात्र हेच औषध उलटलं. एका गृहस्थांचं रिफंड अडकलंय. मी दोन ओळी नीट मांडल्या, तर ते अगदी थंड आवाजात म्हणाले, "मॅडम, हे मला चौथ्यांदा कोणीतरी वाचून दाखवतंय. पुढे काय?" आणि पुढे माझ्याकडे काही नव्हतं, अकाउंट्सचं उत्तरच आलेलं नाही. त्यांना आपलं ऐकलं जात नाही असा राग नव्हताच, ऐकून काही होत नाही असा होता. तिथे माझ्या दोन ओळी म्हणजे पोपटपंची. आधी अकाउंट्सला गाठून मगच त्यांना फोन करायला हवा होता.

घरी निघताना सकाळची तक्रार पुन्हा उघडून पाहिली. माझ्या आधीच्या तीन शेऱ्यांपैकी दोनांमध्ये एवढंच होतं: "कस्टमर चिडलेला, टेक्निशियन हवा." म्हणून तर बाईंना दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं. त्याच्या खाली मी त्याच दोन ओळी जशाच्या तशा टाकल्या, पूर्ण दिवसाच्या रजेच्या दुरुस्तीसह.

उद्या माझी शिफ्ट नऊची आहे. साडेदहाला माणूस पोहोचला का ते बघायचं, असं पॅडच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.