आत्यांचा आवाज आणि खंडेनवमीचा फोटो

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं एडिटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ, बारसं, निवडणुकीच्या टायमाला प्रचाराचे तुकडे, असं सगळं चालतं. गेल्या वर्षी मे महिन्यात शाहूपुरीतलं एक गिऱ्हाईक आलं, आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षं होणार, लग्न १९७५ चं, हॉलवर दाखवायला फोटोंचा व्हिडिओ पाहिजे, मागं कुणीतरी बोलतंय आणि गाणं वाजतंय असा. आणि हो, सरप्राईज, म्हणजे त्या दोघांना काही विचारायचं नाही. पेनड्राईव्हमध्ये तीनशेच्या वर फोटो, सोबत नातवानं लिहिलेली स्क्रिप्ट. "सगळे फोटो घाला, एक पण सोडू नका."

मी कॅल्क्युलेटर काढून त्यांच्यासमोरच ठेवला. फोटो नीट बघायला माणसाला पाच-सहा सेकंद लागतात, ग्रुप फोटो असला तर नऊ-दहा, कारण प्रत्येक जण आधी त्यात स्वतःला शोधतो. हॉलवर जेवायच्या आधी लोक आठ मिनिटं बघतील, त्याच्या पुढं कुजबुज चालू. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, भागिले सहा, ८० फोटो. बाकीचे सव्वादोनशे घरातल्या टीव्हीवर बघा म्हटलं. जरा नाराज झाले, पण हिशोब समोर होता.

मग स्क्रिप्ट वाचली. "दोन जीव एकत्र आले, संसाराची वेल बहरली" वगैरे. पोरगं हुशार आहे, वाईट लिहिलेलं नव्हतं, पण हे वाक्य कोल्हापुरातल्या कुठल्याही जोडप्याच्या फोटोखाली चिकटवलं तरी चालेल. मी विचारलं, त्या काळातलं कोण बघितलेलं आहे का घरात? तर वडिलांची धाकटी बहीण, लग्नात दहा वर्षांची होती, आता साठीची, मंगळवार पेठेत राहते. म्हटलं, आवाज त्यांचा घ्यायचा, आणि फोटो लावायच्या आधी घ्यायचा. बरेच जण आधी गाणं टाकतात, गाण्याच्या ठेक्यावर फोटो लावतात आणि शेवटी आवाज कोंबतात, मग बोलणारा धापा टाकत फोटोच्या मागं पळतोय असं वाटतं. आवाज आधी पडला की कुठला फोटो किती वेळ ठेवायचा ते आपोआप ठरतं.

आत्यांकडं गेलो. कागद हातात दिला तर शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं वाचायला लागल्या, एकदम सरळ सुरात. कागद काढून घेतला आणि फोटो हातात दिला, विचारलं, आत्या, हा कोपऱ्यात उभा कोण? "आरं ह्यो व्हय, ह्यो आमचा थोरला मामा, ह्येनंच वऱ्हाडाचा ट्रक ठरवलेला, आन त्यो ट्रक कळ्याला बंद पडला की!" झालं, गाडी सुरू. वहिनींचं माहेर गगनबावड्याचं, ट्रक कळे गावाजवळ बंद पडला, मुहूर्त टळला, भटजी चिडले, सगळं हातवारे करत सांगितलं.

रेकॉर्डिंग साध्या मोबाईलवरच केलं, पण खोली नीट निवडली. हॉलमध्ये फरशी, भिंती मोकळ्या, आवाज घुमतो. म्हणून झोपायच्या खोलीत, जिथं गादी आणि कपड्यांनी भरलेलं कपाट आहे तिथं बसलो. पंखा बंद, मे महिना, दोघं घामानं निथळतोय. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब पण थोडा बाजूला, समोर धरला की प आणि फ म्हणताना फट्ट करून हवा माईकवर आदळते आणि ते नंतर काही केल्या जात नाही. शेवटी आत्यांना म्हटलं, आता अर्धा मिनिट दोघं गप्प बसू. "का रं, देवाचं नाव घ्यायचं काय?" म्हणाल्या. तर त्या गप्प खोलीचा पण एक आवाज असतो, नंतर वाक्यं कापून जोडली की मधल्या फटीत तो भरायचा, नाहीतर कान लगेच पकडतो की इथं काहीतरी कापलंय.

पाऊण तास बोलल्या, त्यातली साडेसहा मिनिटं घेतली. "आरं हां, ते सांगायचंच राहिलं" हे मुद्दाम ठेवलं. हसणं ठेवलं. शेजारणीच्या भांडणाचा किस्सा काढला, कारण ती शेजारीण कार्यक्रमाला येणार होती.

आता खरी पंचाईत. २०१९ च्या महापुरात यांच्या घरात पाणी शिरलेलं, खालच्या फळीवरचा एक अल्बम गेला, १९७८ ते ८५ चा. लग्नाचा मोठा फोटो फ्रेममध्ये होता म्हणून वाचला, पण पाणी आत शिरून फोटो काचेला चिकटला. मुलगा पातं घालून सोडवणार होता, मी हात धरला. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो, ओला झाला की फुगून मऊ होतो आणि काचेवर तसाच वाळला की काचेचाच होऊन जातो. ओढला तर नवरीचं तोंड काचेवर राहणार आणि हातात कोरा कागद येणार. म्हटलं, फ्रेमसकट राहू दे. दुकानातला स्कॅनर इथं उपयोगाचा नाही, हे स्वस्तातले स्कॅनर फक्त अगदी काचेला टेकलेल्या कागदावरच फोकस धरतात, मध्ये फ्रेमची जाड काच आली की सगळं धुरकट. म्हणून फ्रेम भिंतीला टेकवली, उजेड एका बाजूनं खिडकीतनं, कॅमेरा स्टँडवर, आणि काळ्या कापडाला भोक पाडून त्यातनं फक्त लेन्स बाहेर काढली. कापड नसलं की काचेत मी आणि माझा कॅमेरा दिसतो, नवरानवरीच्या मध्ये तिसराच. चिकटलेल्या जागी फोटो ओलसर गडद दिसतो, बाकी फिकट, ते कॉम्प्युटरवर सारखं केलं.

पण गेलेला अल्बम कुठनं आणायचा? घरचे म्हणाले ती वर्षं सोडून द्या, डायरेक्ट ८६ ला या, थोरल्याच्या शाळेचा फोटो आहे. मला पटेना, कारण आत्यांचं सगळ्यात भारी बोलणं नेमकं त्याच वर्षांचं होतं. आजोबा तेव्हा उद्यमनगरात लेथवर होते, डबल ड्युटी करायचे, आणि वहिनी आत्यांच्या हातनं शाळेत जाताना डबा पाठवायच्या.

त्यांच्या जुन्या मालकांच्या घरी एक फोटो सापडला, खंडेनवमीचा. कारखान्यातले सगळे ओळीनं उभे, मागं लेथची पूजा केलेली. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो दाबून बारीक झालेला, जरा आत गेलं की चेहऱ्याचे चौकोन. मग गाडी काढली, मूळ फोटोच आणला. आठ इंच रुंद, स्टुडिओवाल्यानं काढलेला ब्लॅक अँड व्हाईट, एकदम कडक. ६०० डीपीआयला स्कॅन केला की रुंदी ४८०० पिक्सेल होते, व्हिडिओ लागतो १९२० चा, म्हणजे अडीच पट आत जायला जागा. ९९ टक्के फॅमिली फोटोत ही चैन नसते हां, बारक्या कॅमेऱ्याच्या पोस्टकार्ड प्रिंटमध्ये मुळातच तेवढं बारीक काही नसतं, कितीही वर स्कॅन करा, नुसते दाणे मोठे होतात.

तर त्या एका फोटोवर पाऊण मिनिट काढलं. आधी अख्खा फोटो. मग झेंडूची माळ घातलेलं मशीन, हळदीकुंकवाची बोटं दिसतात त्याच्यावर. मग आजोबा, तेलानं काळी झालेली बाही. आणि मोठं करून बघताना मला भिंतीला टेकवलेली सायकल दिसली, हँडलला डबा अडकवलेला! आत्यांना दाखवलं, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "कडी बघ की, ह्योच डबा." मग काय, "वहिनी डबा द्यायची" हे वाक्य येतंय त्याच्या अर्धा सेकंद आधी डबा पडद्यावर आणला. हे आधी आणणं महत्त्वाचं, शब्दानंतर फोटो आला की उशिरा आल्यासारखा वाटतो.

गाण्यावरनं थोडी वादावादी झाली. पोरांना सिनेमातलं गाणं पाहिजे, मी म्हटलं बोलण्याखाली गाण्याचे शब्द आले की दोन माणसं एकदम बोलतायत असं होतं, एकाचंही धड ऐकू येत नाही. शिवाय ते गाणं कंपनीचं, यूट्यूबवर टाकला की व्हिडिओ अडकायची शक्यता. शेवटी त्यांच्यातलाच एक भाचा बासरी वाजवतो, त्याला बसवलं. आत्या बोलताना बासरी आवाजापेक्षा १८-२० डीबी खाली, नुसते फोटो असतील तिथं हळूच वर. मीटर बघण्यापेक्षा माझी टेस्ट सोपी, मोबाईलच्या स्पीकरवर लावायचं, स्वयंपाकघरात नळ चालू ठेवायचा, तरी प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

कार्यक्रमाच्या दिवशी लवकर जाऊन साऊंडवाल्याला गाठला. त्यानं बेस असा वाढवलेला की आत्या पिंपातनं बोलतायत असं वाटत होतं. तो कमी करायला लावला, पुढचे लाईट बंद करायला सांगितले, नाहीतर प्रोजेक्टरवर जुन्या फोटोतलं काळं सगळं राखाडी होतं.

आणि व्हिडिओ लागला. ट्रक कळ्याला बंद पडला, आत्यांचा आवाज घुमतोय, तेवढ्यात पहिल्या रांगेतनं आजी मोठ्यानं, "कळ्याला न्हाई, साळवणला! माझा भाऊ सायकलवरनं बघाय गेलता साळवणपतोर!" आत्या मागनं, "मी ट्रकात बसलेली की वहिनी!" "तू झोपलेलीस!" अख्खा हॉल हसतोय, दोन्हीकडची माणसं बाजू घ्यायला लागली, पुढची दीड मिनिटं कुणालाच ऐकू आली नाहीत, परत पहिल्यापासनं लावावं लागलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, मी नवरदेव होतो, मला काय म्हाईत.

पुढच्या आठवड्यात आजी नातवाला घेऊन दुकानात हजर, स्वतःच्या आवाजात तेवढा तुकडा बदलून पाहिजे म्हणाल्या. दुकानात फरशी असल्यानं त्यांना मागच्या खोलीत पडद्याच्या कापडांच्या गठ्ठ्यात बसवून रेकॉर्ड केला. आत्यांना कळलं, त्यांचा फोन, माझं काढलंस तर बघ. त्यामुळं आता घरच्या पेनड्राईव्हमध्ये दोन फाईली आहेत, `kale.mp4` आणि `salvan.mp4`, आणि पाहुणे कुठल्या बाजूचे ते बघून लावतात.